चुनखडी भट्टीत फुटते आणि भिंतीवर पुन्हा दगड होते. दोन्ही एकाच सूत्राने कसं घडतं?

बारावीच्या केमिस्ट्रीत किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एक स्लाइड हमखास येते. वर मोठ्या अक्षरात ΔG = ΔH − TΔS असं सूत्र, आणि खाली चार खान्यांचं टेबल. प्लस-मायनसच्या जोड्या आणि त्यासमोर 'नेहमी होते', 'कधीच होत नाही', 'जास्त तापमानाला होते', 'कमी तापमानाला होते' असं लिहिलेलं. मुलं टेबल पाठ करतात, परीक्षेत दोन मार्क मिळवतात आणि विषय तिथेच संपतो.

पण या सूत्राचं म्हणणं काय आहे, हे समजून घ्यायचं तर टेबल बाजूला ठेवून एका दगडाच्या मागे जायला हवं. तो दगड म्हणजे चुनखडी.

मुंबईत हार्बर लाइनवर चुनाभट्टी नावाचं स्टेशन आहे. हे नाव चुन्याच्या भट्ट्यांवरूनच आलंय. सिमेंट येण्याआधी आपल्याकडचे वाडे, देवळं, किल्ले चुन्यात बांधले जायचे. चुनखडी भट्टीत भाजायची, मिळालेल्या कळीच्या चुन्यावर पाणी घालून तो विरवायचा, घाणीत वाळूबरोबर मळायचा आणि भिंतीला लावायचा. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो चुना परत चुनखडी होतो.

म्हणजे निघालो दगडापासून आणि पोहोचलो दगडापर्यंत. भट्टीत जी रिअॅक्शन एका दिशेने गेली, तीच भिंतीवर उलट्या दिशेने आली. मग प्रश्न असा, की रिअॅक्शनने कुठल्या दिशेला जायचं, हे ठरवतं कोण?

आधीचं उत्तर होतं, उष्णता

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचं एक सरळ उत्तर काढलं होतं. डेन्मार्कचे युलियस थॉमसेन आणि फ्रान्सचे मार्सेलँ बर्थेलो यांचं म्हणणं असं, की ज्या दिशेने उष्णता बाहेर पडते त्या दिशेने रिअॅक्शन जाते. पाणी उतारावरून खाली येतं, तसं हे.

पटण्यासारखं होतं. लाकूड जळतं, कोळसा जळतो, लोखंड गंजतं. या सगळ्यात उष्णता बाहेरच पडते.

रिअॅक्शनमध्ये किती उष्णता आत गेली किंवा बाहेर आली, याचा हिशोब ठेवणाऱ्या राशीला एन्थाल्पी म्हणतात. स्लाइडवरचा ΔH तो हाच. उष्णता बाहेर पडली तर ΔH मायनस, आत घ्यावी लागली तर प्लस.

आता चुनखडीकडे या. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत होतं ते असं:

CaCO₃ → CaO + CO₂

१०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ५६ ग्रॅम कळीचा चुना मिळतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हे करायला १७८ किलोज्यूल उष्णता आत घालावी लागते. म्हणजे ΔH आहे +१७८.

थॉमसेन आणि बर्थेलो यांचा नियम लावला तर ही रिअॅक्शन व्हायलाच नको. ती चढावर चालली आहे. पण भट्ट्या तर हजारो वर्षं चालू आहेत.

'अहो, पण आपण बाहेरून उष्णता देतोय ना, मग होणारच की', असं इथे कुणीही म्हणेल. पण यात एक मेख आहे. ३०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दगड महिनाभर ठेवला तर त्याला कितीतरी उष्णता मिळेल. १७८ किलोज्यूलपेक्षा कैक पट जास्त. तरी दगड फुटणार नाही. उष्णता किती दिली यापेक्षा ती किती तापमानाला दिली, यावर सगळं अवलंबून आहे. हे का, ते फक्त ΔH सांगू शकत नाही.

दुसरा हिशोब पसाऱ्याचा

इथे एन्ट्रॉपी येते. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये रूढ केला. पुस्तकांत याचं भाषांतर 'अव्यवस्था' असं केलेलं असतं, त्यामुळे अनेकांना खोलीतला पसारा आठवतो. ही कल्पना अगदीच चूक नाही, पण थोडी दुरुस्त करून घ्यावी लागते.

पदार्थातले कण आणि त्यांची ऊर्जा किती वेगवेगळ्या प्रकारे मांडता येईल, याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. घन पदार्थातले कण आपापल्या जागी खिळलेले असतात, त्यांना फार पर्याय नसतात. वायूतले कण मोकळे फिरतात, त्यांच्यापुढे पर्याय अफाट असतात. म्हणून वायूची एन्ट्रॉपी घन पदार्थापेक्षा खूप जास्त असते.

चुनखडीचे आकडे बघा. १०० ग्रॅम चुनखडीची एन्ट्रॉपी साधारण ९३ एकक असते (हे एकक म्हणजे ज्यूल प्रति केल्विन). ती फुटल्यावर मिळणाऱ्या ५६ ग्रॅम कळीच्या चुन्याची एन्ट्रॉपी ४० आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची २१४. बेरीज २५४. म्हणजे दगड फुटल्यावर एन्ट्रॉपी १६१ ने वाढली.

जवळजवळ सगळी वाढ वायूमुळे झाली, हेही दिसतंय. मुठीत मावणाऱ्या दगडातून बाहेर पडलेला तो वायू नेहमीच्या तापमानाला सुमारे २४ लिटर जागा व्यापतो. पाण्याचा मोठा जार असतो ना, त्यापेक्षाही थोडी जास्त.

तर चुनखडीसमोर दोन ओढी आहेत. उष्णतेचा हिशोब सांगतो, 'दगडच राहा.' एन्ट्रॉपीचा हिशोब सांगतो, 'फुटून मोकळा हो.' यात जिंकतं कोण?

एकाच रकमेची दोन ठिकाणी वेगळी किंमत

थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम सांगतो, की कुठलाही बदल आपोआप होतो तेव्हा जगाची एकूण एन्ट्रॉपी वाढते. यात 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा. फक्त दगडाची एन्ट्रॉपी मोजून भागत नाही, दगडाच्या आजूबाजूच्या परिसराचीही मोजावी लागते.

चुनखडी फुटताना १७८ किलोज्यूल उष्णता परिसरातून ओढून घेते. उष्णता गेली की परिसराची एन्ट्रॉपी घटते. किती घटते? गेलेली उष्णता भागिले तापमान, इतकी. तापमान इथे केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे.

भागाकारात तापमान खाली आहे, आणि सगळी गोष्ट इथेच फिरते. ज्याच्या खिशात ५०० रुपये आहेत त्याच्याकडून १०० रुपये घेतले तर त्याचा महिना बिघडतो. ज्याच्या खात्यात पाच लाख आहेत त्याला १०० रुपये गेल्याचं कळतही नाही. रक्कम तीच, पण फटका वेगळा. उष्णतेचंही तसंच. थंड परिसरातून १७८ किलोज्यूल घेतले तर एन्ट्रॉपीचं मोठं नुकसान होतं. धगधगत्या भट्टीतून तेवढेच घेतले तर नुकसान कमी.

आता प्रत्यक्ष करून बघू.

नेहमीच्या २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्विनला, परिसराचं नुकसान होतं १,७८,००० भागिले २९८, म्हणजे सुमारे ५९७. दगड फुटल्याचा फायदा आहे १६१. फायद्यातून नुकसान वजा केलं तर ४३६ चा तोटा. जगाची एकूण एन्ट्रॉपी घटतेय, म्हणून ही रिअॅक्शन होणार नाही. तुमच्या घरातली संगमरवरी फरशी ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असते. ती आपोआप फुटून तिचा चुना होत नाही, ती यामुळे.

आता १००० अंशांची भट्टी घ्या, म्हणजे १२७३ केल्विन. नुकसान होतं १,७८,००० भागिले १२७३, म्हणजे १४०. फायदा तोच, १६१. आता २१ चा नफा. दगड फुटणार.

एकच दगड, तेवढीच उष्णता, पण तापमान बदललं आणि निकाल उलटा लागला.

मग ΔG कशासाठी?

प्रत्येक वेळी दगडाचा वेगळा आणि परिसराचा वेगळा हिशोब करणं म्हणजे डोकेदुखी. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसाया विलर्ड गिब्स यांनी १८७० च्या दशकात यावर मार्ग काढला. त्यांनी दोन्ही हिशोब एकाच राशीत असे बसवले, की परिसराकडे वेगळं बघायची गरजच उरली नाही. या राशीला आज गिब्स मुक्त ऊर्जा म्हणतात. तीच G.

ΔG = ΔH − TΔS

ΔG मायनस आला तर रिअॅक्शन त्या दिशेला जाऊ शकते. प्लस आला तर उलट्या दिशेला जाऊ शकते. शून्य आला तर दोन्ही बाजू तुल्यबळ, म्हणजे समतोल.

चुनखडीचे आकडे यात टाका. एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये होती, ती किलोज्यूलमध्ये केली की १६१ चे ०.१६१ होतात. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क जातात ते हे करायचं विसरल्यामुळे.

२५ अंशांना: १७८ − (२९८ × ०.१६१) = १७८ − ४८ = +१३०. होणार नाही.

१००० अंशांना: १७८ − (१२७३ × ०.१६१) = १७८ − २०५ = −२७. होणार.

पारडं नेमकं कुठे फिरतं? जिथे दोन्ही बाजू समान होतात तिथे. म्हणजे १७८ भागिले ०.१६१, येतात ११०६ केल्विन. सेल्सिअसमध्ये साधारण ८३० अंश.

पुस्तकात ८३०, भट्टीत ९००

इथे एक गंमत आहे. प्रत्यक्ष मोजमाप केलं तर हे तापमान ८३० नाही, ९०० अंशांच्या आसपास येतं. फरक कुठून आला?

स्लाइडवरच्या गणितात आपण एक सवलत घेतलेली असते. ΔH आणि ΔS चे आकडे २५ अंशांना मोजलेले असतात आणि तेच आपण १००० अंशांपर्यंत ओढत नेतो. खरं तर तापमानाबरोबर हे दोन्ही आकडे थोडे थोडे बदलतात. म्हणून असं काढलेलं तापमान हा चांगला अंदाज असतो, भट्टीवाल्याला देण्याचा आकडा नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे ९०० अंश कधी लागतात, तर दगडाभोवती शुद्ध कार्बन डायऑक्साइड पूर्ण वातावरणाच्या दाबाने भरलेला असतो तेव्हा. स्लाइडवर ΔG च्या डोक्यावर एक बारीक शून्य असतं, ΔG°. त्याचा अर्थ हाच, की आकडा प्रमाण परिस्थितीतला आहे. वायू विरळ असेल तर त्याची एन्ट्रॉपी आणखी वाढते, कारण त्याला पसरायला जास्त जागा मिळते. मग फुटण्याची ओढही वाढते.

त्यामुळे ८०० अंशांनाही चुनखडी फुटू शकते, फक्त भोवतालच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण २० ते २२ टक्क्यांच्या खाली असलं पाहिजे. ते त्याच्या वर गेलं की रिअॅक्शन थांबते, आणि आणखी वाढलं तर तयार झालेला चुना उलट कार्बन डायऑक्साइड शोषायला लागतो. भट्टीत हवा खेळती का ठेवावी लागते, याचं एक कारण हे. कोंडलेली भट्टी कितीही लाल झाली, तरी तिच्यातला वायू बाहेर जायला वाट नसेल तर काम अडतं.

आपल्या नेहमीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड फार थोडा असतो, ०.०४ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्या विरळ वायूसाठी हे पारडं ५२० अंशांच्या जवळ फिरतं. मग भट्ट्या ५५० अंशांवर का चालवत नाहीत?

'होऊ शकते' आणि 'होते' यात फरक आहे

ΔG दिशा सांगतो, वेग सांगत नाही. स्लाइडवर मायनस ΔG समोर 'उत्स्फूर्त' असा शब्द असतो आणि तो वाचून वाटतं, की रिअॅक्शन लगेच धडाधड होईल. तसं नसतं.

घरातला गॅस घ्या. एलपीजी आणि ऑक्सिजन यांच्या रिअॅक्शनचा ΔG जबरदस्त मायनस आहे. तरी नुसती शेगडी चालू केली म्हणून गॅस पेटत नाही, लायटर लागतो. जुने बंध तोडायला सुरुवातीला एक धक्का द्यावा लागतो. तो किती मोठा असावा, याबद्दल ΔG काहीच बोलत नाही.

चुनखडीचंही तसंच. ५५० अंशांना रिअॅक्शनची दिशा बरोबर असेल, पण वेग इतका कमी, की भट्टीवाल्याचं दिवाळं निघेल. शिवाय मोठ्या दगडाच्या आतला वायू सहज बाहेर निघत नाही. गाभ्याभोवती तोच साचलेला असतो, त्यामुळे आतल्या भागाला ९०० अंशांच्या आसपासचं तापमान लागतंच. म्हणून चुन्याच्या भट्ट्या साधारण ९०० ते ११०० अंशांवर चालतात.

तापमान कमी पडलं किंवा वेळ कमी दिला, तर दगडाचा गाभा कच्चा राहतो. वरून पांढरा चुना आणि आत चुनखडी. हे ओळखायला सोपं आहे. पूर्ण भाजलेल्या शुद्ध चुनखडीचं वजन ४४ टक्क्यांनी घटतं. घट त्यापेक्षा कमी भरली तर काहीतरी शिल्लक आहे. थंड झालेल्या तुकड्याच्या गाभ्यावर पातळ आम्ल टाकलं आणि जोरात फेस आला, तरी तेच समजायचं. आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय.

उलट, गरजेपेक्षा जास्त भाजलं तर चुना आकसून घट्ट होतो. त्यात पाणी झिरपत नाही आणि तो विरायला फार वेळ घेतो. असे न विरलेले कण गिलाव्यात राहिले, तर महिन्यांनंतर भिंतीत ओलावा शिरल्यावर ते विरतात, फुगतात आणि गिलाव्याचे टवके उडवतात. या कणांसाठीही ΔG पहिल्यापासून मायनसच होता. फक्त त्यांचा वेळ आला नव्हता.

आता उलटा प्रवास

भट्टीतून कळीचा चुना निघाला. त्यावर पाणी टाकलं की तो तडतडतो, फुगतो, पाण्याला उकळी येते. हा प्रकार घरी करून बघायचा नाही, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो.

CaO + H₂O → Ca(OH)₂

यातून तयार होतो तो विरलेला चुना, पानाला लावतात तो. इथे ΔH आहे −६५, म्हणजे उष्णता बाहेर पडते. पण एन्ट्रॉपी घटते, कारण मोकळं वाहणारं पाणी घन पदार्थात बांधलं गेलं. ही घट सुमारे २६ ज्यूलची. गणित केलं तर २५ अंशांना ΔG येतो −५७. इथे उष्णता जिंकली, एन्ट्रॉपी हरली.

मग हा चुना भिंतीवर जातो.

Ca(OH)₂ + CO₂ → CaCO₃ + H₂O

ΔH आहे −११३. एन्ट्रॉपी मात्र १३४ ज्यूलने घटते, कारण हवेतला मोकळा वायू दगडात कोंडला गेला. TΔS चा हिशोब ४० किलोज्यूलचा होतो, आणि ΔG येतो −७३. इथेही उष्णता जिंकली.

पण किती सावकाश! वायू गिलाव्यात आत शिरायला हवा, थोडा ओलावाही हवा. वरचा थर काही आठवड्यांत दगड होतो, जाड भिंतीच्या पोटापर्यंत जायला वर्षानुवर्षं लागतात. भट्टीत तासांत झालेलं काम भिंत इतक्या निवांत उलटवते.

आता या तीन पायऱ्यांचे ΔG एकत्र मांडा. भट्टी +१३०, विरवणं −५७, भिंत −७३. बेरीज शून्य.

हा योगायोग नाही. दगडापासून निघून तुम्ही त्याच दगडापर्यंत आलात, त्यामुळे मुक्त ऊर्जेचा हिशोब शून्यच यायला हवा. २५ अंशांना जो १३० किलोज्यूलचा चढ होता, तो भट्टीने तापमान वाढवून पार केला. पुढच्या दोन्ही पायऱ्या आपोआप झाल्या, कारण त्या त्याच चढावरून खाली येत होत्या.

आता ते चार खाने पुन्हा बघा

उष्णता आत जाते आणि एन्ट्रॉपी वाढते, तर रिअॅक्शन जास्त तापमानाला होते. ही भट्टी.

उष्णता बाहेर पडते आणि एन्ट्रॉपी घटते, तर कमी तापमानाला होते. ही भिंत. विरलेला चुनाही ५०० अंशांच्या पुढे तापवला, तर पाणी सोडून परत कळीचा चुना होतो.

उष्णता बाहेर पडते आणि एन्ट्रॉपीही वाढते, तर दिशा कुठल्याही तापमानाला तीच राहते. शेगडीत एलपीजी जळतो तो असा.

उष्णता आत जाते आणि एन्ट्रॉपी घटते, तर नुसतं तापमान वाढवून काही होत नाही. ऑक्सिजनपासून ओझोन बनणं हे याचं उदाहरण. तिथे विजेचा लोळ किंवा सूर्याची अतिनील किरणं लागतात, म्हणजे बाहेरून वेगळ्या प्रकारची ऊर्जा ओतावी लागते.

चारही खान्यांत T ची भूमिका एकच आहे. एन्ट्रॉपीच्या मताला किती वजन द्यायचं, हे तापमान ठरवतं. थंडीत एन्थाल्पीचं चालतं, धगीत एन्ट्रॉपीचं.

सिमेंटची अडचण इथूनच सुरू होते

हा सगळा विषय परीक्षेपुरता असता तर गोष्ट वेगळी होती. पण आज जगात सगळ्यात जास्त चुनखडी जिथे भाजली जाते त्यात सिमेंटच्या भट्ट्या येतात. सिमेंटसाठी चुनखडी आणि माती एकत्र करून साधारण १४५० अंशांपर्यंत तापवतात. वाटेत चुनखडी फुटते ती याच रिअॅक्शनने.

जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के धरला जातो. अनेकांना वाटतं, की भट्टीत कोळसा जळतो म्हणून हे होतं. कोळशाचा भाग आहेच. पण यातला निम्म्याहून जास्त वायू कोळशातून येत नाही, तो खुद्द दगडातून येतो. १०० किलो चुनखडीमागे ४४ किलो, हा हिशोब कुणालाच चुकत नाही. उद्या भट्टी पूर्णपणे सौर ऊर्जेवर चालवली, तरी हे ४४ किलो बाहेर पडणारच.

आणि दगड फुटायला जी एन्ट्रॉपीची ओढ लागते, ती याच वायूमुळे मिळते. वायू निघालाच नाही तर १६१ चा फायदा नाही आणि मग रिअॅक्शनही नाही.

म्हणून एक मार्ग उरतो, तो म्हणजे निघालेला वायू पकडणं. नॉर्वेमधल्या ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यात वर्षाला ४ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याची क्षमता असलेला प्रकल्प २०२५ मध्ये सुरू झाला. त्यात वायू अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून नेतात. थंड असताना हे द्रावण कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, मग वेगळ्या टाकीत नेऊन तापवलं की सोडून देतं.

ओळखीचं वाटतंय ना? वायू बांधला जातो तेव्हा उष्णता बाहेर पडते आणि एन्ट्रॉपी घटते, म्हणून हे थंडीत होतं. तापवलं की एन्ट्रॉपीचं वजन वाढतं आणि वायू सुटतो. भिंत आणि भट्टी यांचाच खेळ, फक्त दगडाऐवजी द्रावणात आणि फार कमी तापमानाला.

पण फुकट इथेही काही नाही. अमाइनमधून वायू सोडवायला उष्णता द्यावीच लागते, आणि ती कुठून आणायची, तिचा खर्च किती, यावर असे प्रकल्प परवडतात की नाही हे ठरतं. वायू जितका घट्ट धरणारं रसायन घ्याल, तितका तो पकडायला सोपा आणि सोडवायला महाग. सिमेंट कंपन्यांचे इंजिनिअर आज याच गणिताशी झुंजतायत, आणि त्यांच्या हातातलं सूत्र बारावीच्या स्लाइडवरचंच आहे.